पॅरासिटामॉलची मात्रा आणि यकृताची छुपी इजा

पॅरासिटामॉल हे ताप उतरवणारे व वेदना कमी करणारे औषध असून अमेरिकेत ते ॲसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते. निरोगी प्रौढासाठी २४ तासांतील त्याची कमाल मात्रा ४ ग्रॅम, म्हणजे ४,००० मिलिग्रॅम मानतात. सिरोसिस, म्हणजे यकृत तंतुमय व कडक होण्याचा विकार, जुन्या मराठी ग्रंथांतील यकृत-सूत्रण, झालेल्या रुग्णासाठी बहुतेक तज्ज्ञ २ ग्रॅमची मर्यादा सुचवतात. औषधाचे नेहमीचे उपयोग वाचकांना परिचित असल्याने प्रस्तुत नोंदीत मात्रेची मर्यादा, ती नकळत ओलांडली जाण्याचे मार्ग आणि यकृतरुग्णाची वेदनाशमनाची निवड एवढ्याचाच विचार केला आहे.

या रसायनाच्या जन्माविषयी मतभेद आहेत. काही लेखक त्याचे पहिले संश्लेषण १८५२ च्या सुमारास फ्रान्समध्ये शार्ल गेरार्ट याने केल्याचे सांगतात; तथापि बहुतेक ग्रंथ हा मान अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या हार्मन मोर्स याला देतात आणि वर्ष १८७७ किंवा १८७८ असे नोंदवतात. मोर्सचा प्रसिद्ध लेख १८७८ चा असल्याने तेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. जर्मन वैद्य योसेफ फॉन मेरिंग याने माणसांवरील वापराचा अहवाल १८९३ मध्ये दिला, मात्र त्याच्या प्रतिकूल अभिप्रायामुळे औषध जवळजवळ अर्धशतक मागे पडले. त्याच्या नमुन्यात अन्य रसायनाची भेसळ असावी, असा नंतरच्या अभ्यासकांचा तर्क आहे. १९४८ मध्ये ब्रोडी व ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिले की, तेव्हा प्रचलित असलेल्या ॲसिटॅनिलाइडचे शरीरात पॅरासिटामॉलमध्ये रूपांतर होते व वेदनाशमनाचे काम हेच रूप करते. त्यानंतर १९५५–५६ च्या सुमारास हे औषध अमेरिका व ब्रिटनमध्ये बाजारात आले. अतिमात्रेने यकृताच्या पेशी मरतात हे मात्र १९६६ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या रुग्णवृत्तांतांनंतरच वैद्यकाच्या ध्यानात आले. म्हणजे औषध घरोघरी पोहोचल्यावर दहा वर्षांनी त्याची ही बाजू कळली.

इजेची यंत्रणा १९७३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी उलगडली आणि तिचा गाभा आजही तोच मानला जातो. घेतलेल्या औषधाचा सुमारे नऊ-दशांश भाग यकृत निरुपद्रवी संयुगांत बदलून लघवीवाटे बाहेर टाकते. उरलेल्या थोड्या भागाचे, मुख्यतः २ई१ नावाच्या एन्झाइममुळे, एका अतिशय दाहक पदार्थात रूपांतर होते. यकृतातील ग्लुटाथायोन हा संरक्षक साठा या पदार्थाला लागलीच निष्प्रभ करतो. औषध जास्त झाले किंवा साठा आधीच आटलेला असला, तर तो पदार्थ मोकळा राहून यकृतपेशींच्या प्रथिनांना चिकटतो व पेशी मरतात. अनेक दिवसांची उपासमार, कुपोषण आणि दीर्घकाळचे मद्यपान यांनी हा साठा कमी होतो; मद्यपानाने शिवाय २ई१ वाढते. म्हणून तापात चार-पाच दिवस केवळ पेजेवर काढलेल्या माणसाला नेहमीची मात्रादेखील मर्यादेच्या जवळ नेणारी ठरू शकते.

सिरोसिसमध्ये मात्रा किती असावी, हा या विषयातील सर्वांत वादाचा मुद्दा आहे. सर्वसाधारण समज असा की यकृत खराब झाले म्हणजे पॅरासिटामॉल वर्ज्य. उपलब्ध पुरावा या समजाला दुजोरा देत नाही. सिरोसिसमध्ये औषध रक्तात अधिक काळ रेंगाळते हे खरे. परंतु दाहक पदार्थ तयार करणारे एन्झाइम वाढत नाही आणि नेहमीच्या मात्रेत ग्लुटाथायोनचा साठा धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जात असल्याचे आढळलेले नाही. बेन्सन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्थिर अवस्थेतील दीर्घ यकृतविकाराच्या २० रुग्णांना १३ दिवस रोज ४ ग्रॅम औषध दिले असता त्यांची प्रकृती ढासळली नाही. अभ्यास लहान होता आणि त्यातील रुग्ण स्थिर होते, ही त्याची मर्यादा. उलट, २००६ मधील एका अमेरिकी अभ्यासात पूर्णपणे निरोगी प्रौढांनी १४ दिवस रोज ४ ग्रॅम घेतल्यावर त्यांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांचे एसजीपीटी, म्हणजे यकृतपेशी दुखावल्या की रक्तात वाढणारे एन्झाइम, सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेले. ही वाढ लक्षणांविना होती आणि औषध थांबवल्यावर ओसरली. म्हणजे ४ ग्रॅम ही रोज गाठायची पातळी नसून काही दिवसांपुरते शेवटचे टोक आहे. हे दोन्ही निष्कर्ष विचारात घेता २ ग्रॅमची मर्यादा अधिक समंजस वाटते. अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ मधील मार्गदर्शनातही पोटात पाणी झालेल्या किंवा अन्य गुंतागुंतीच्या सिरोसिसमध्ये वेदनेसाठी पहिली पसंती पॅरासिटामॉललाच असून सहा तासांच्या अंतराने ५०० मिलिग्रॅम, दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, असे प्रमाण दिले आहे. ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांनी ही मर्यादा पूर्ण होते. ६५० मिलिग्रॅमच्या तीनच गोळ्या तिच्यात बसतात, चौथी बसत नाही. मद्यपान चालू असणाऱ्या किंवा अतिशय कृश रुग्णासाठी मात्रा आणखी कमी ठेवणे डॉक्टरांच्या निर्णयावर अवलंबून आहे.

फॅटी लिव्हरबद्दलची भीती याहून मोठी, पण बऱ्याचदा अस्थानी असते. पुण्यात आरोग्य तपासणीच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ हा शेरा पाहून अनेक जण पॅरासिटामॉल कायमचे सोडतात. सोनोग्राफीतील ग्रेड यकृतातील चरबीचा अंदाज देतो, यकृत किती कडक झाले आहे याचा नव्हे. तो फायब्रोस्कॅनसारख्या तपासणीने मिळतो. यकृतात चरबी व दाह वाढलेल्यांत २ई१ अधिक सक्रिय असते, हे प्रयोगांत दिसले आहे. मात्र त्यामुळे योग्य मात्रेतही प्रत्यक्ष इजा होते, असा ठोस पुरावा नाही. यकृत कडक झाले नसल्यास अल्पकाळासाठी नेहमीची मात्रा चालते. दिवसाला ३ ग्रॅमच्या आत राहणे ही अनेक डॉक्टरांची सावध पद्धत असून ती योग्य म्हणता येईल.

इजा छुपी राहण्याचे खरे कारण गोळ्यांच्या हिशेबात असते. पावसाळा सरत असताना पुण्यात डेंग्यू व चिकुनगुन्याचे रुग्ण वाढतात, त्या दिवसांतील एक काल्पनिक उदाहरण घेऊ. धायरीतील, फॅटी लिव्हर असलेले एक ४६ वर्षांचे गृहस्थ ताप व सांधेदुखीने बेजार आहेत. तापासाठी ते ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतात. तिचे २,६०० झाले. सांधे धरले म्हणून मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणल्या. त्यांत ॲसिक्लोफिनॅकबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते आणि दोन गोळ्यांचे ६५० होतात. नाक गळते म्हणून घरातली सर्दीची गोळी तीन वेळा घेतली. प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम, म्हणजे १,५०० मिलिग्रॅमची भर पडली. दिवसाची बेरीज ४,७५० होते आणि चार दिवसांची १९,०००. त्यांना विचारले तर ते ‘तापाच्या फक्त चार गोळ्या’ सांगतील, आणि त्यांच्या दृष्टीने ते खोटे नसेल. त्यांना सिरोसिस असता तर ही बेरीज मर्यादेच्या दुपटीहून पुढे गेली असती. यांतील सर्दीची व अंगदुखीची गोळी बंद करून तापाची गोळी आठ-आठ तासांनी घेतली असती, तर तिची बेरीज १,९५० वर थांबली असती.

या चुकीला विक्रीची एक सवयही हातभार लावते. मेडिकलवाला पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतो, तेव्हा घटकांची ओळ बहुधा दुकानातल्या तुकड्यावर राहते आणि ग्राहकाच्या हाती अर्धवट छापलेले नाव येते. पूर्ण पट्टी मागावी किंवा कापण्यापूर्वी मागच्या बाजूचा फोटो घ्यावा. सर्दी, पाळीतील पोटदुखी, दातदुखी आणि ट्रॅमाडॉलयुक्त वेदनाशामक गोळ्यांत ‘पॅरासिटामॉल आयपी’ हे शब्द शोधून त्यापुढचा आकडा बेरजेत धरावा लागतो.

इजा ओळखणे कठीण जाते, कारण पहिल्या दिवशी मळमळ व अशक्तपणा यांपलीकडे काही नसते आणि ही लक्षणे तापाचीच वाटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसाला उलट बरे वाटू लागते, परंतु याच काळात रक्तातील एसजीपीटी झपाट्याने वाढते. उजव्या बरगडीखाली दुखणे, गडद लघवी, डोळ्यांतील पिवळेपणा आणि गुंगी ही लक्षणे पुढची आहेत. फॅटी लिव्हरमध्ये एसजीपीटी साधारण शंभराच्या आसपास किंवा त्याखाली असते. डेंग्यूत ते बहुधा काही शेकड्यांपर्यंत जाते आणि एसजीओटी हे तशाच प्रकारचे दुसरे एन्झाइम त्याहून अधिक असते. पॅरासिटामॉलच्या इजेत आकडा हजारांत जातो, तर कावीळ आणणारे बिलिरुबिन सुरुवातीला तुलनेने कमी राहते. यकृत काम करेनासे झाले आहे का, हे मात्र एसजीपीटीवरून नव्हे तर आयएनआर या रक्त गोठण्याच्या चाचणीवरून कळते. आणखी एक सापळा असा की, गोळ्या अनेक दिवस थोड्या थोड्या घेतल्या असतील तर रक्तातील औषधाची पातळी कमी किंवा शून्य आली तरी इजा नाही असे म्हणता येत नाही. एकरकमी अतिमात्रेनंतर रक्तातील पातळीवरून धोका ठरवण्यासाठी बनवलेला आलेखही अशा रुग्णाला लागू पडत नाही. म्हणून डॉक्टरांना सर्व पट्ट्या दाखवणे हाच या निदानातील सर्वांत मोलाचा पुरावा असतो.

एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढतो. एकरकमी अतिमात्रेनंतर आठ तासांच्या आत तो सुरू झाल्यास संरक्षण जवळजवळ पूर्ण मिळते. त्यानंतर परिणाम घटतो, पण उशिरा दिल्यानेही फायदा होतो. त्यामुळे ‘बरे वाटतेय’ म्हणून वाट पाहू नये. मात्रा ओलांडल्याचा संशय आला की मोठ्या रुग्णालयात जावे, गरज पडल्यास १०८ ला फोन करावा.

सिरोसिसच्या रुग्णाच्या बाबतीत अधिक घातक चूक वेगळीच असते: पॅरासिटामॉल टाळून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲसिक्लोफिनॅक घेणे. सिरोसिसमध्ये मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायला प्रोस्टाग्लँडिन हे पदार्थ मदत करतात आणि ही औषधे नेमके तेच अडवतात. परिणामी काही दिवसांतच लघवी कमी होऊन मूत्रपिंड निकामी होऊ शकते व पोटातील पाणी वाढते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या लागू पडेनाशा होतात, आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा व कमी प्लेटलेट यांमुळे रक्तस्रावाचा धोकाही असतो. गुडघ्यासारख्या ठिकाणच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅकचे मलम पर्याय असू शकते, कारण त्याचा गोळीच्या मानाने थोडाच अंश रक्तात उतरतो. पोटात पाणी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच लावावे. त्वचेवर चिकटवायची लिडोकेनची पट्टी, शेक आणि फिजिओथेरपी यांना ही अडचण नाही. अफूवर्गीय औषधे, ट्रॅमाडॉलसह, शेवटी आणि कमी मात्रेत देतात, कारण त्यांनी बद्धकोष्ठ होते, शौचास न झाल्याने आतड्यातील अमोनिया वाढतो आणि रुग्ण भ्रमिष्ट होऊ शकतो. अशी गोळी द्यावीच लागली तर तिच्याबरोबर लॅक्टुलोजचे सिरप सुरू करतात आणि दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होते आहे की नाही, हे पाहण्याचे काम घरच्यांकडे सोपवतात.