दोन बाय दोनची फरशी चार चौरस फुटांची नसते

सिडकोतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीची फरशी बदलायची होती. टेप लावली, तर खोली १२ फूट ६ इंच बाय १० फूट ५ इंच निघाली. मिस्त्रींनी मोबाईलवर १२.६ गुणिले १०.५ केलं आणि १३२ फूट सांगितले. पण फुटात इंच बारा असतात, दहा नव्हेत. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, आणि पाच इंच म्हणजे ०.४२ फूट. म्हणून हिशेब १२.५ गुणिले १०.४२, म्हणजे साधारण १३०.२ चौरस फूट. इथली चूक लहानच होती. बारा फूट अकरा इंचाला १२.११ धरलं असतं, तर मात्र पाऊण फुटाहून जास्त लांबी हिशेबातून गळाली असती.

फरशीच्या पेटीवर माप चौरस मीटरमध्ये असतं, म्हणून पुढची पायरी मीटरची. मीटर म्हणजे ३.२८ फूट हे बहुतेकांना पाठ असतं, आणि घात तिथेच होतो. १३०.२ ला ३.२८ ने भागलं की जवळजवळ ४० येतात, एवढ्यात तीन खोल्या होतील! जमिनीवर खडूने एक मीटर बाजूचा चौकोन काढून पाहा. त्यात एक फुटाचे चौकोन तीन बाय तीन, म्हणजे नऊ बसतात. दोन बाजूंना ०.२८ फूट रुंदीच्या पट्ट्या उरतात, त्यांचे मिळून १.६८. कोपऱ्यात चिमूटभर तुकडा, ०.०८. बेरीज १०.७६. भागायचं ते या आकड्याने. १३०.२ भागिले १०.७६ म्हणजे १२.१ चौरस मीटर. पडताळा सोपा आहे: उत्तर चौरस फुटांच्या दहाव्या हिश्शापेक्षा जरा कमी यायला हवं.

दुकानदार म्हणाले, "पेटीत चार नग, सोळा फूट धरा." हे सगळीकडेच बोलतात, त्यात लबाडी नाही. पण ज्याला आपण दोन बाय दोन म्हणतो तो नग ६०० मिलिमीटरचा असतो, आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. नग भरतो ०.३६ चौरस मीटर, पेटी १.४४, म्हणजे साडेपंधरा फूट.

अर्धा फूट तो काय! कापाकापीसाठी दहा टक्के धरून आम्हाला १४३.२ फूट लागणार होते. सोळाने भागलं तर नऊ पेट्या पुरतात. तेच मीटरमध्ये केलं तर १३.३ भागिले १.४४, म्हणजे ९.२, म्हणून दहा. नऊच आणल्या असत्या, तर दहाऐवजी सातच टक्के हाताशी राहिले असते. मिस्त्रींचा हात साफ असेल, एकही नग फुटला नाही, तर तेवढ्यातही भागतं. पण कमी पडली, तर महिन्याभराने आणलेली पेटी वेगळ्या लॉटची निघू शकते, आणि तोच रंग नंबर असूनही छटा किंचित वेगळी येते. खिडकीच्या उजेडात तो पट्टा लगेच डोळ्यात भरतो.

आम्ही दहा घेतल्या. उरलेले नग माळ्यावर आहेत, लॉट नंबरच्या चिठ्ठीसकट.