टॅन म्हणजे चढ, तो कसा?
दहावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी माहितीपत्रक

दहावीच्या भूमितीत निर्देशक भूमितीच्या प्रकरणात रेषेचा चढ येतो आणि लगेच पुढच्या प्रकरणात त्रिकोणमिती. या दोन्हींना जोडणारे m = tan θ हे सूत्र बहुतेक मुलांना पाठ असते. ते खरे का, हे विचारले की मात्र गाडी अडते. आमच्या शिकवणीत हा भाग कसा समजावतो ते कळावे, म्हणून एका तासातले संभाषण इथे देत आहोत.

विद्यार्थी : सर, हे सूत्रच चुकीचं आहे. A(१, २) आणि B(५, ५) मधून रेषा काढली. चढ आला ३/४, म्हणजे ०.७५. कोनमापकाने कोन मोजला तर साडेवीस अंश. कॅल्क्युलेटरवर त्याचा टॅन ०.३७ येतो. तीनदा मोजलं!

सर : मोजलंस हे फार बरं केलंस. ०.३७ आणि ०.७५ शेजारी लिही बघू. काय दिसतं?

विद्यार्थी : जवळजवळ निम्मं.

सर : ते निम्मं कुठून आलं ते शोधू. आधी सांग, टॅन म्हणजे काय?

विद्यार्थी : संमुख बाजू भागिले लगतची बाजू. पण ते काटकोन त्रिकोणात. इथे तर नुसती रेषा आहे, त्रिकोण आहेच कुठे?

सर : नाहीये, तर काढू. A मधून आडवी रेषा काढ, X अक्षाला समांतर. B मधून तिच्यावर लंब टाक. दोन्ही मिळतात तो बिंदू D. त्याचे निर्देशक?

विद्यार्थी : (५, २).

सर : A जवळच्या कोनाची लगतची बाजू किती?

विद्यार्थी : AD. ५ वजा १, चार. संमुख बाजू BD, ५ वजा २, तीन. टॅन तीन चतुर्थांश... थांबा. हे तर मी चढ काढताना केलंच होतं. y₂ − y₁ म्हणजे ही उभी बाजू आणि x₂ − x₁ म्हणजे ही आडवी!

सर : हो. चढाच्या सूत्रात हा त्रिकोण आधीपासूनच आहे, फक्त काढून दाखवलेला नसतो.

विद्यार्थी : पण B ऐवजी लांबचा बिंदू घेतला तर त्रिकोण मोठा होईल.

सर : घेऊन बघ. (९, ८) याच रेषेवर आहे.

विद्यार्थी : उभी सहा, आडवी आठ. पुन्हा तीन चतुर्थांश. दोन्ही त्रिकोणांत A चा कोन एकच आणि एकेक काटकोन, म्हणजे को-को कसोटीने समरूप. बाजू वाढल्या तरी गुणोत्तर तेच.

सर : आणि आडवी रेषा X अक्षाला समांतर आहे. संगत कोन समान, म्हणून रेषेने X अक्षाशी केलेला कोनही हाच.

विद्यार्थी : मग माझे साडेवीस अंश?

सर : आलेखाच्या कोपऱ्यात प्रमाण काय लिहिलंयस?

विद्यार्थी : X अक्षावर १ सेमी = १ एकक. Y अक्षावर १ सेमी = २ एकक, कागद पुरावा म्हणून.

सर : मग कागदावर AD किती सेंटिमीटर आणि BD किती?

विद्यार्थी : चार आणि... दीड. दीड भागिले चार, ०.३७५. कोनमापकाने सेंटिमीटरचा त्रिकोण मोजला आणि मी चढ एककांचा काढला!

त्याने दोन्ही अक्षांवर सारखे प्रमाण घेऊन आकृती पुन्हा काढली. कोन साधारण ३७ अंश आला आणि त्याचा टॅन ०.७५.

पालकांनी घरी वही पाहताना हे आवर्जून तपासावे. मोजलेल्या कोनाचा टॅन आणि काढलेला चढ यांत निम्मा किंवा दुप्पट असा ठरावीक फरक येत असेल, तर बहुधा अक्षांची प्रमाणे वेगळी आहेत. थोडासाच फरक असेल तर तो मोजण्यातला आहे. आकृती बरोबर असूनही उत्तर ३/४ ऐवजी ४/३ आले, तर अंश आणि छेद यांची अदलाबदल झाली आहे.

कोन दुप्पट केला की चढ दुप्पट होतो, असाही बऱ्याच मुलांचा समज असतो. ३० अंशांना चढ सुमारे ०.५८ असतो, तर ६० अंशांना १.७३, म्हणजे तिप्पट. रेषा उभी होत जाते तशी आडवी बाजू शून्याकडे जाते. ९० अंशांना तिने भागताच येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही.

(०, ३) आणि (३, ०) मधून जाणारी रेषा X अक्षाच्या धन दिशेशी १३५ अंशांचा कोन करते. असा विशालकोन काटकोन त्रिकोणात मावत नाही. त्रिकोणात दिसतो तो ४५ अंशांचा कोन. पण उजवीकडे जाताना उंची कमी होते, ० वजा ३, म्हणून चढ −१. विशालकोनाचा टॅन अकरावीत शिकवला जातो आणि तिथेही tan १३५° = −१ च येतो.

या तासाला येताना आलेखाचे कागद, कोनमापक आणि अडलेले गणित खोडाखोडीसह आणावे. पुसून नीट लिहिलेल्या वहीत चूक कुठे झाली ते आम्हाला दिसत नाही.