साठेकरार (अनोंदणीकृत, सदनिकेचा)

सदनिका पुढे विकण्याचे वचन देणारा, पण दुय्यम निबंधकाकडे न नोंदलेला करार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार साठेकराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. म्हणून नोंदलेला साठेकरारही मालकीचा पुरावा नव्हे. नोंदणी नसेल तर ताब्याचे संरक्षणही हातचे जाते.

पूर्वी पैसे देऊन ताबा घेतलेल्या खरेदीदाराला कलम ५३अ ची ढाल होती: विकणाऱ्याला त्याच्याकडून ताबा परत मागता येत नसे. २४ सप्टेंबर २००१ पासून नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये कलम १७(१अ) आले आणि त्यानंतरच्या करारांना ही ढाल नोंदणीशिवाय मिळेनाशी झाली. विकासकाशी झालेल्या करारांबाबत मात्र प्रश्न गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका-मालकी कायद्यातील (मोफा) कलम ४अ अनोंदणीकृत करारही अंशतः पूर्ततेचा, म्हणजे कलम ५३अ च्या ढालीसाठीचा, पुरावा म्हणून स्वीकारते. ही तरतूद २००१ नंतरच्या करारांनाही तारते असा युक्तिवाद होतो. केंद्रीय दुरुस्तीची स्पष्ट भाषा पाहता त्यावर विसंबून न राहणे सुरक्षित वाटते. सदनिकेच्या पुनर्विक्रीला तर कलम ४अ लागूच होत नाही, कारण ते विकासकाच्या करारापुरते आहे.

कल्पित उदाहरण घेऊ. २०१२ मध्ये पुण्यातील सदनिकेचा २५ लाखांचा साठेकरार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर झाला. खरेदीदाराने २२ लाख देऊन किल्ल्या घेतल्या. खरेदीखत डिसेंबर २०१२ पर्यंत व्हायचे होते, ते राहिले. २०१९ मध्ये विक्रेत्याने तीच सदनिका दुसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने विकली. ताबा दिलेला असल्याने या करारावर विक्रीइतके मुद्रांक शुल्क लागते. ते दंडासह भरून दस्त पुराव्यात आणता येतो. नोंदणीची उणीव मात्र अशी भरून निघत नाही, कारण दस्त चार महिन्यांत, उशीर माफ झाल्यास दंडासह आणखी चार महिन्यांत सादर करावा लागतो.

तरीही करार सर्वस्वी निरुपयोगी नसतो. नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ च्या परंतुकानुसार तो करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतो; सर्वोच्च न्यायालयाने एस. कलादेवी प्रकरणात (२०१०) हे मान्य केले. पहिला खरेदीदार तिथे राहत असेल तर त्याच्या हक्काची माहिती दुसऱ्याला होती असेही कायदा गृहीत धरतो, मग दुसऱ्याला प्रामाणिक खरेदीदार म्हणवणे कठीण जाते. घर कुलूपबंद असेल तर हा आधार नाही, आणि नोंदलेल्या दस्तांची सूची, म्हणजे इंडेक्स-टू, पाहणाऱ्याला न नोंदलेला करार दिसतही नाही.

पण करारपूर्तीच्या दाव्याची मुदत ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षे असते. वरील उदाहरणात ती डिसेंबर २०१५ मध्ये संपली. २०१९ मध्ये मूळ खरेदीदार न्यायालयात आला तेव्हा त्याच्या हाती पैसे दिल्याच्या पावत्या आणि प्रत्यक्ष वहिवाट एवढेच उरले होते. ती वहिवाट विक्रेत्याच्या संमतीने सुरू झालेली, म्हणून दीर्घ ताब्यावरून मालकी मागणारा प्रतिकूल ताब्याचा दावाही सहसा टिकत नाही.