स्लाईडवर → आणि ➡️: दिसायला भाऊ, कामाला वेगळे

बऱ्याच जणांना → आणि ➡️ हे एकच वाटतात, एक साधा आणि एक रंगीत एवढाच काय तो फरक. स्लाईडवर मात्र दोघांचं काम पूर्ण वेगळं आहे आणि गडबड तिथूनच सुरू होते.

→ हे अक्षर आहे. क, ख सारखंच फॉन्टमधून येतं, त्यामुळे मजकूर निळा केला की बाणही निळा होतो, फॉन्ट लहान केला की तोही लहान, काळ्या बॅकग्राउंडवर पांढरा मजकूर असेल तर बाण पांढरा. वाचणारा त्याला वाक्यातच वाचून टाकतो. ➡️ हे चित्र आहे, विंडोज, मॅक, अँड्रॉइड प्रत्येकाकडे ते काढणारा स्वतःचा वेगळा फॉन्ट असतो, बहुतेक ठिकाणी निळसर चौकोनात पांढरा बाण दिसतो आणि तुमच्या थीमचा रंग त्याला लागत नाही. नजर आधी त्या चौकोनावर जाते, शब्दांवर नंतर. म्हणजे → वाचतात आणि ➡️ बघतात, आणि एका स्लाईडवर असे पाच चौकोन एकाखाली एक लावले की लोक चौकोनच बघत बसतात.

मधल्या मध्ये एक फसवा प्रकारही आहे. साधे आडवे-उभे चार बाण ← ↑ → ↓ युनिकोडमध्ये इमोजी नाहीतच, त्यामुळे ते सहसा साधेच राहतात. पण तिरके ↗ ↘ आणि दोन टोकांचा ↔ हे इमोजीच्या यादीत आहेत, म्हणून तुमच्या लॅपटॉपवर छान बारीक काळे दिसणारे बाण दुसऱ्याच्या फोनवर निळे चौकोन होऊ शकतात. मी एकदा आकड्यांच्या टेबलात प्रत्येक ओळीला ↗ लावून पाठवलं होतं, समोरच्याने फोनवर उघडलं आणि विचारलं की ही बटणं आहेत का, दाबायची का 😅 तेव्हापासून वाढ-घट दाखवायला ↑ आणि ↓ एवढेच वापरतो, आणि खरं सांगायचं तर तेही कमीच, कारण "तक्रारी ↑" बघून चांगलं झालं की वाईट हे कळायला अर्धा सेकंद जातो, त्यापेक्षा "तक्रारी वाढल्या" लिहिलेलं बरं.

साधा बाण सेफ आहे म्हणून तो कुठेही टाकायचा असंही नाही हं. एकाच बाणाचे लोक तीन अर्थ काढतात. "१२ → १९ तारीख" म्हणजे बदल झाला. "मंजुरी → छपाई" म्हणजे आधी हे मग ते. "फाईल उशिरा → लाँच पुढे" म्हणजे यामुळे ते. तिन्ही एकाच स्लाईडवर आले की वाचणारा दर वेळी थांबून अंदाज लावतो. माझी सवय अशी की एका स्लाईडवर बाणाला एकच अर्थ द्यायचा, शक्यतो बदलाचा, बाकी ठिकाणी "मग", "म्हणून", "त्यामुळे" हे शब्द आहेतच की, आणि ते बाणापेक्षा नीट बोलतात.

आता एक स्लाईड घेऊ, स्टेटस अपडेटची, काल्पनिक आहे पण अशी सगळ्यांनी पाहिली असेल.

🚀 प्रोजेक्ट अपडेट!!! 🎉
➡️ टेस्टिंग झालं ✅
➡️ लाँच १२ → १९ तारखेला गेलं 😬
➡️ डिझाईनच्या फाईल्स अजून यायच्या आहेत...

मुख्य बातमी काय, तर लाँच एक आठवडा पुढे गेलं. आणि टायटलला रॉकेट आणि पार्टी. हेच सगळ्यात जास्त खुपतं, कारण टायटल म्हणतंय आनंद आणि तिसरी ओळ म्हणतेय उशीर. ते 😬 टाकणाऱ्याला वाटतं आपण अवघडलोय हे प्रेमाने सांगितलं, पण ज्याला उशिराचं उत्तर वर द्यायचंय त्याला वाटतं हे सगळं गमतीत चाललंय. शेवटचे तीन टिंब तर आणखी भारी, लिहिणाऱ्याच्या मनात "येतील लवकरच" असतं आणि डिझाईनवाल्यांना तो टोमणा वाटतो. तीन उद्गारचिन्हांचं म्हणाल तर त्यातली दोन काढली तरी अर्थ तोच राहतो, आणि इथे तिसरंही नकोच, अपडेटमध्ये ओरडण्यासारखं काही नाही.

मी ती अशी करेन:

लाँच एक आठवडा पुढे: १२ → १९ तारीख
डिझाईनच्या फाईल्स गुरुवारपर्यंत मिळाल्या तर १९ नक्की
टेस्टिंग पूर्ण, वेळेत संपवल्याबद्दल टेस्टिंग टीमचे आभार 🎉

तिन्ही ➡️ गेले कारण ते बुलेटचं काम करत होते आणि बुलेट पॉइंट त्यासाठीच असतो. ✅ गेलं कारण "पूर्ण" शब्द आहेच. → राहिला कारण तो दोन तारखांमध्ये खरंच काहीतरी सांगतो. आणि 🎉 राहिला, पण टायटलमधून उठून ज्या ओळीत कौतुक आहे तिथे गेला. स्लाईड कोरडी नाही झाली, उलट आभार आधी नव्हतेच, आता आहेत. फ्रेंडलीपणा त्या शब्दांत आहे, इमोजी नुसता मागे उभा आहे. तपासायचं असेल तर इमोजी झाकून ओळ वाचा, टोन बदलला तर समजा शब्द कमी पडतायत, इमोजी वाढवून उपयोग नाही.

अजून एक, स्क्रीन रीडर वापरणारे लोक. त्यांना इमोजी नावाने ऐकू येतात, म्हणजे प्रत्येक ओळीआधी "उजवा बाण, उजवा बाण" असं काहीतरी. ओळीच्या सुरुवातीपेक्षा शेवटी टाकलेला एखादा इमोजी त्यामानाने कमी त्रास देतो.

बाण टाईप करताना ऑटोकरेक्टवर एक नजर ठेवा. वर्ड किंवा आउटलुकमध्ये `-->` लिहिलं की त्याचा बाण होतो, पण तो बऱ्याचदा विंगडिंग्ज फॉन्टमधला असतो, आतमध्ये तो खरं तर à हे अक्षर आहे. तिथून कॉपी करून दुसऱ्या ठिकाणी पेस्ट केलं आणि फॉन्ट बदलला की "१२ à १९" दिसतं. ईमेलच्या शेवटी उगाच एकटा J दिसतो ना, तो पण याच घराण्यातला, कुणीतरी टाकलेला `:)` असतो तो. खरा बाण हवा तर विंडोजवरच्या वर्डमध्ये `2192` लिहून Alt+X दाबा, → येतो, तो कॉपी करून स्लाईडवर न्या.

आणि मराठी स्लाईड असेल तर वरच्या "पुढे:" मधला कोलन बघा. कितीतरी जण तिथे विसर्ग टाकतात, "पुढेः" असं, दिसायला जवळपास सारखंच, पण विसर्ग हा शब्दाचाच भाग होतो, अक्षराला चिकटतो. फॉन्ट मोठा असेल तर प्रोजेक्टरवर मागच्या रांगेतूनही दिसतं ते.