पीडीएफमधील छुपी माहिती काढणे

संस्थेबाहेर पाठवायच्या पीडीएफ फाइलमधून लेखकाचे नाव, मेटाडेटा आणि जुन्या आवृत्त्या काढून टाकण्याची ही प्रक्रिया आहे. लेखकाचे नाव, मूळ सॉफ्टवेअर आणि तारखा फाइलमध्ये सहसा दोन ठिकाणी असतात : माहितीकोशात (`/Info`) आणि एक्सएमपी या एक्सएमएल मजकुरात. त्यामुळे एकाच ठिकाणचे नाव पुसल्यास ते दुसरीकडे राहू शकते.

जुन्या आवृत्त्यांचा धोका अधिक गंभीर असून तो पीडीएफच्या रचनेतूनच येतो. फाइलमध्ये बदल करून ती जतन केली की अनेक संपादक जुन्या बाइटना हात न लावता बदललेले भाग शेवटी जोडतात आणि नवी सूची व `%%EOF` ही खूण लिहितात. समजा, दादरच्या एका गृहनिर्माण संस्थेला पुनर्विकासासाठी देकार पाठवताना वास्तुविशारदाच्या कार्यालयाने 18 लाखांचे शुल्क पीडीएफमध्येच 22 लाख केले आणि फाइल अशा रीतीने जतन झाली. पडद्यावर 22 लाखच दिसतील. पण संस्थेतील एखाद्या जाणकार सभासदाने आधीच्या `%%EOF` नंतरचा भाग कापला, तर 18 लाखांचा देकार जसाच्या तसा उघडेल.

एक्झिफटूलची मेटाडेटा पुसण्याची आज्ञाही याच पद्धतीने काम करते, म्हणजे नाव दिसेनासे होते, पण फाइलमधून जात नाही आणि ते परत मिळवता येते. म्हणून त्यानंतर क्यूपीडीएफने फाइल नव्याने लिहून घ्यावी लागते. या पुनर्लेखनात ज्यांना कोठूनही संदर्भ उरलेला नाही, ते जुने भाग गळून पडतात.

```
exiftool -all= -o step1.pdf dekar.pdf
qpdf step1.pdf final.pdf
grep -a -c "%%EOF" final.pdf
```

शेवटच्या आज्ञेचे उत्तर 1 यावे. वेबसाठी रेषीय केलेल्या फाइलमध्ये मात्र मुळातच दोन खुणा असतात, तेव्हा तेथे 2 हा आकडा दोष मानू नये. नाव थेट शोधून खात्री करणेही पुरेसे नाही, कारण बराचसा मजकूर संकुचित असतो आणि माहितीकोशातील देवनागरी नाव यूटीएफ-16 मध्ये साठवलेले असल्याने साध्या शोधात सापडत नाही. त्यापेक्षा `exiftool -a -G1 final.pdf` चालवून उरलेल्या नोंदी वाचाव्यात.

या पद्धतीला मर्यादा आहेत. शेऱ्यांना जोडलेली नावे, पानांतील छायाचित्रांचा स्वतःचा मेटाडेटा आणि जोडपत्रे तिने जात नाहीत. ती वेगळी तपासावी लागतात. काळ्या पट्टीखालचा मजकूरही तसाच राहतो. शिवाय पुनर्लेखनाने बाइट बदलत असल्याने आधी केलेली डिजिटल स्वाक्षरी अवैध ठरते. त्यामुळे सफाई आधी आणि स्वाक्षरी नंतर, हा क्रम कार्यालयात ठरवून दिलेला असावा.