टीनिया सॅजिनाटा आणि टीनिया सोलियम: कृमी दोन, ओळी तीन

पॅरासायटॉलॉजीच्या वहीत जीवनचक्राची गोल आकृती काढली की बाणामागून बाण फिरत राहतात आणि ऐन परीक्षेत माणसाकडे वळणारा बाण कुठला तेच आठवत नाही. म्हणून मी आकृत्या मोडून तक्ते करायला घेतले. रकाने चार: होस्ट, इन्फेक्टिव्ह स्टेज, निदान, उपचार. बरेच परजीवी मुकाट्याने एकेका ओळीत बसले. टीनियाची जोडी काही बसेना.

दोघेही फीतकृमी. पूर्ण वाढलेला कृमी फक्त माणसाच्या लहान आतड्यात राहतो, म्हणजे दोघांचा मुख्य होस्ट एकच. मधला होस्ट तेवढा वेगळा: सॅजिनाटाचा गाय-बैल, सोलियमचा डुक्कर. जनावराने अंडी गिळली की आतला सहा आकड्यांचा गर्भ आतड्याची भिंत भेदतो, रक्तावाटे स्नायूंत पोचतो आणि तिथे पाण्याने भरलेला फोड होऊन बसतो. हा सिस्टिसर्कस. मांस नीट न शिजवता खाल्लं की तो माणसात येतो आणि दोन-तीन महिन्यांत विष्ठेतून कृमीचे तुकडे पडू लागतात. माझ्या पहिल्या तक्त्यात या दोन जुळ्या ओळी होत्या.

आता त्या तक्त्यावर एक पेशंट तपासून बघू. पंचविशीतला माणूस, पहिल्यांदाच फिट आली. स्कॅनमध्ये मेंदूत एक छोटा फोड, त्यात पांढरा ठिपका. डुकराचं मांस जन्मात खाल्लेलं नाही, विष्ठेची तपासणी स्वच्छ. तक्ता म्हणतो, मांस नाही तर सोलियम नाही. पण हा सोलियमच आहे. त्या ठिपक्यातच कृमीचं डोकं, म्हणजे स्कोलेक्स, दिसतंय. या माणसाने सिस्टिसर्कस खाल्लेला नाही, अंडी गिळलीत. डुकराच्या जागी तो स्वतः मधला होस्ट झालाय. सॅजिनाटाची अंडी माणसात असं करत नाहीत. जोडीतला खरा फरक इथे आहे आणि एका ओळीत तो मावत नाही.

| | होस्ट म्हणून माणूस | इन्फेक्टिव्ह स्टेज | निदान | उपचार |
|---|---|---|---|---|
| सॅजिनाटा | मुख्य | गाय-बैलाच्या मांसातला सिस्टिसर्कस | विष्ठा, तुकडे | प्राझिक्वाँटेल, एक डोस |
| सोलियम, आतड्यात | मुख्य | डुकराच्या मांसातला सिस्टिसर्कस | विष्ठा, तुकडे | निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वाँटेल, एक डोस |
| सोलियम, मेंदूत | मधला | अंडी | सीटी, एमआरआय, रक्तातल्या अँटिबॉडी | फोडाच्या अवस्थेनुसार |

निदानाच्या रकान्यात 'विष्ठेत अंडी' लिहून थांबलात तर फसाल. दोघांची अंडी मायक्रोस्कोपखाली हुबेहूब सारखी दिसतात, त्यावरून फक्त 'टीनिया' एवढंच म्हणता येतं. ओळख पटते ती पिकलेल्या तुकड्यावरून. दोन काचांमध्ये तो दाबून गर्भाशयाच्या एका बाजूच्या मुख्य फांद्या मोजायच्या: ७ ते १३ असतील तर सोलियम, १५ किंवा जास्त असतील तर सॅजिनाटा. १४ आल्या तर पुन्हा मोजा किंवा दुसरा तुकडा घ्या. हातमोजे मात्र आधी, कारण तुकडा सोलियमचा निघाला तर तिसऱ्या ओळीची इन्फेक्टिव्ह स्टेज तुमच्या बोटांवर असते. स्कोलेक्स हाती लागला तर प्रश्नच मिटला: सोलियमला आकड्यांच्या दोन रांगा, सॅजिनाटाला आकडेच नाहीत. पण तो क्वचित मिळतो. पेशंटच्या बोलण्यातूनही सुगावा लागतो. सॅजिनाटाचे तुकडे स्वतःहून सरपटत बाहेर येतात, सोलियमचे सहसा विष्ठेबरोबर पडतात.

उपचाराचा रकाना मी सगळ्यात शेवटी भरला. आतड्यातल्या कृमीला प्राझिक्वाँटेल ५ ते १० मिलिग्रॅम प्रति किलो, एकदाच. पण ते रक्तात शोषलं जातं. मेंदूत न कळलेले फोड असले तर त्यांना धक्का बसून सूज येते आणि फिट येऊ शकते. निक्लोसामाइड आतड्यातच राहतं, म्हणून सोलियमच्या ओळीत मी ते आधी लिहिलंय.

तिसऱ्या ओळीत औषधाची घाई नसते. आधी फिटचं औषध आणि डोळ्यांची तपासणी, कारण डोळ्यातला फोड औषधाने फुगला तर दृष्टी जाऊ शकते. जिवंत फोड एक-दोनच असतील तर अल्बेंडाझोल दिवसाला १५ मिलिग्रॅम प्रति किलो, १० ते १४ दिवस, सोबत स्टेरॉइड. फोड मरून त्याची चुन्यासारखी गाठ झाली असेल तर कृमीनाशक नकोच. मेंदूवरचा दाब वाढला असेल तर आधी तो उतरवायचा.

मग आपल्या पेशंटने अंडी गिळली कुठून? ती फक्त दुसऱ्या ओळीतल्या माणसाच्या विष्ठेतून येतात, बहुधा न धुतलेल्या हातांवरून. तो माणूस घरातलाच असू शकतो, ज्याला काहीच त्रास नाही. कधी पेशंट स्वतःच दोन्ही ओळींत असतो. म्हणून तिसऱ्या ओळीच्या निदानाखाली मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: सगळ्या घराची विष्ठा तपासा, एकाहून अधिक दिवसांचे नमुने घेऊन.