तळ्याच्या तळाशी दिवा आणि पृष्ठभागावरचं उजेडाचं वर्तुळ

पाण्याच्या तळाशी छोटा दिवा लावला तर त्याचा उजेड वरच्या पृष्ठभागाच्या फक्त एका गोल भागातूनच बाहेर हवेत येतो, त्या गोलाची त्रिज्या काढायचं हे गणित बारावीच्या फिजिक्समध्ये हमखास भेटतं.

दिव्याच्या बरोबर वर जाणारा किरण सरळ बाहेर पडतो. बाजूला जाणारे किरण पृष्ठभागावर तिरपे पोचतात आणि बाहेर पडताना आणखी वाकतात, आणि एका ठराविक कोनाला बाहेर पडणारा किरण पाण्याला चिकटूनच आडवा जातो. हा क्रिटिकल अँगल. त्याच्यापेक्षा तिरपा किरण बाहेर येतच नाही, पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन परत खाली जातो. पाण्याचा अपवर्तनांक 4/3 धरला तर sin C = 3/4, म्हणजे C साधारण 48.6 अंश.

आता दिवा 80 सेंमी खोल आहे असं घ्या. दिवा, त्याच्या बरोबर वरचा बिंदू आणि वर्तुळाची कड, हा काटकोन त्रिकोण. त्यात r = h tan C, आणि sin 3/4 असेल तर tan 3/√7 येतो, म्हणजे 1.134. त्रिज्या झाली सुमारे 91 सेंमी आणि क्षेत्रफळ 2.6 चौरस मीटरच्या आसपास.

खूप जण इथे tan च्या जागी sin लावतात आणि 60 सेंमी उत्तर काढतात. ते चूक आहे हे कॅल्क्युलेटर न घेताही कळतं, कारण कोन 45 अंशांपेक्षा मोठा आहे म्हणजे त्रिज्या खोलीपेक्षा जास्तच यायला हवी.

पण एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शांत, स्वच्छ पाण्यावर वरून बघणाऱ्याला झगमगती थाळी दिसत नाही, त्याला फक्त दिवाच दिसतो, कारण गुळगुळीत पाणी उजेड इकडेतिकडे पसरवत नाही. वर्तुळ म्हणजे उजेड बाहेर पडायची जागा. कागद तरंगवून ते बघायला गेलं तर ओला कागद पाण्याला चिकटतो, तिथे परावर्तनच नीट होत नाही आणि वर्तुळाबाहेरचा कागदही उजळतो.

खरी परीक्षा उलटी करायची, उजेड अडवून. 2 सेंमी त्रिज्येच्या चपट्या बुचाच्या मध्यभागी खालून टाचणी खोचा आणि स्टीलच्या बादलीत तरंगवा (काचेचं भांडं नको, बाजूने दिसेल). टाचणीचं टोक बुचाच्या खालच्या कडेपासून पावणेदोन सेंमीपेक्षा कमी खोल असेल तर पाण्याच्या वरून कुठूनही बघा, टाचणी दिसणार नाही. जास्त बाहेर काढली की अगदी खाली वाकून, पाण्याला डोळा लावून बघितल्यावर टोक दिसायला लागतं. पाणी हलत असेल तर हे जमत नाही, लाटेच्या उतारावर कोन बदलतो आणि टोक मधूनच लुकलुकतं.